काट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरचे फुगलेले कपॅसिटर: बोर्ड दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न: मानवतजवळ आमचा वजनकाटा आहे. काट्यावरचा कॉम्प्युटर २००९ चा आहे, जी३१ चा बोर्ड, एक्सपी. थंडीत सकाळी चार-पाच वेळा बटण दाबल्यावर चालू व्हायचा, मग दिवसभर चालायचा. आता दुपारीसुद्धा मधेच रीस्टार्ट होतो. झाकण उघडलं तर प्रोसेसरजवळचे पाच कपॅसिटर वरून फुगलेत, दोघांवर तपकिरी खपली आहे. गावातला मेकॅनिक म्हणतो, बोर्ड फेकून द्या. पण काट्याच्या सॉफ्टवेअरला प्रिंटर पोर्टला लावायचं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली, लागतं आणि ते देणारी कंपनी बंद पडलीय. दुरुस्ती परवडेल का?

उत्तर:

परवडेल, आणि त्याचं कारण ते डोंगल आहे. हाच कॉम्प्युटर घरी मुलांच्या वापराचा असता तर मीही तुमच्या मेकॅनिकसारखंच सांगितलं असतं. जी३१ च्या काळाच्या बोर्डावर हजार-बाराशे घालण्यापेक्षा एखाद्या ऑफिसातून निघालेला थोडा नवा डेस्कटॉप घेतलेला बरा. पण तुमचं सॉफ्टवेअर त्या बोर्डावरच्या प्रिंटर पोर्टला बांधलेलं आहे, आणि तो पोर्ट नव्या मशीनवर तसाच मिळत नाही.

आधी हेच नीट सांगतो, कारण दुकानदार तुम्हाला इथेच फसवतील. यूएसबीतून प्रिंटर पोर्ट काढून देणारी केबल मिळते. ती फक्त प्रिंटरसाठी आहे, तिच्यावर जुनं डोंगल चालत नाही. नव्या बोर्डात प्रिंटर पोर्टचं कार्ड बसवता येतं, पण अशा कार्डाला बहुतेक वेळा वेगळाच पत्ता मिळतो. त्या काळची बरीच सॉफ्टवेअर्स डोंगल थेट `378` या पत्त्यावरच शोधतात. तिथे ते सापडलं नाही की "डोंगल नाही" म्हणून बंद होतात. इंडिकेटरकडून वजन आणणाऱ्या सीरियल पोर्टची अडचण मात्र तेवढी नसते, तो यूएसबी कन्व्हर्टरवरही बहुधा चालतो. म्हणजे अडलंय ते एका पोर्टापाशी, आणि तो पोर्ट तुमच्या बोर्डावर अजून धड आहे.

आता एक काम आजच करा. मशीन चालू-बंद करत बसू नका. दर वेळी मधेच रीस्टार्ट होताना हार्डडिस्कवर अर्धवट लिहिलं जातं, आणि एक दिवस विंडोजच उघडत नाही. कपॅसिटरचा आणि डेटाचा तसा संबंध नाही, पण अशाच रीस्टार्टमध्ये लोकांचा डेटा जातो. डिस्क काढा, यूएसबी कन्व्हर्टरला लावून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसत्या फायली नाही, तर पूर्ण डिस्कची इमेज घ्या. एक्सपी, सॉफ्टवेअर, डोंगलचा ड्रायव्हर, सगळं जसंच्या तसं परत उभं करता आलं पाहिजे. तोवर इंडिकेटरवरचं वजन बघून हातानं पावत्या फाडा. इंडिकेटर स्वतंत्र चालतो, त्याला कॉम्प्युटर लागत नाही.

कपॅसिटर का फुगले ते थोडक्यात. आत ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मधे द्रवात भिजवलेला कागद, अशी गुंडाळी असते. उष्णतेनं तो द्रव हळूहळू सुकतो, आणि द्रव निकृष्ट असेल तर ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन आत हायड्रोजन वायू साठतो. वरच्या पत्र्यावर जी अधिकच्या किंवा इंग्रजी के अक्षरासारखी खाच दिसते, ती वायूचा दाब वाढल्यावर डबी फुटून उडू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली असते. चांगल्या कपॅसिटरचं डोकं अगदी सपाट असतं. टॉर्च तिरपी धरून बघा, किंचितसा उठाव असला तरी तो गेला समजा. काही वेळा डोकं सपाटच राहतं आणि दाबानं खालचं रबरी बूच बाहेर येतं. मग कपॅसिटर बोर्डावर थोडा वर उचललेला किंवा कललेला दिसतो. असे कपॅसिटर बरेच जण तपासताना सोडून देतात.

प्रोसेसरजवळचेच आधी का जातात? एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लायमधून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला चालत नाहीत, त्याला सव्वा व्होल्टच्या आसपास लागतात. ते रूपांतर प्रोसेसरच्या कडेला होतं: मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, तांब्याची कॉइल तो धक्का झेलते आणि कपॅसिटर व्होल्टेज सपाट करतात. तुमच्या बोर्डावर बसणारा ड्युअल कोअर प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा असतो. सव्वा व्होल्टला ६५ वॅट म्हणजे पन्नासएक अँपिअर. एवढा प्रवाह सतत वर-खाली होत त्या पाच-सहा डब्यांजवळून जातो, आणि शेजारी प्रोसेसर गरम हवा ओकत असतो.

यात आपल्या मराठवाड्याचं ऊन धरा. कपॅसिटरवर १०५ अंश आणि त्याच्या माहितीपत्रकात २००० तास असं लिहिलेलं असतं. दर १० अंश कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट, हा या धंद्यातला नेहमीचा हिशोब. ७५ अंशाला ते १६,००० तास होतं. रोज बारा तास मशीन चालू धरलं तर हे साडेतीन-पावणेचार वर्षांत संपतं. तोच कपॅसिटर ६५ अंशाला ठेवला तर सात वर्षांच्या वर जातो. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनबाहेरच ४३-४४ अंश असतात, त्यात सरकीची तूस आणि धूळ पंख्यात अडकलेली. तिथे त्या कोपऱ्यात ७५ अंश सहज होतात. तुमचा कॉम्प्युटर एवढी वर्षं चालला कारण काटा हंगामीच जोरात असतो.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य थंडीचं आहे. नुकसान उन्हाळ्यात होतं, पण दिसतं हिवाळ्यात. द्रव कमी झाला की कपॅसिटरचा आतला रोध वाढतो, आणि उरलेला द्रव गार पडला की तो आणखी वाढतो. नव्या कपॅसिटरमध्ये हा फरक जाणवतही नाही, अर्ध्या सुकलेल्यात मात्र बराच असतो. परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. अशा सकाळी व्होल्टेज इतकं थरथरतं की प्रोसेसर उठतच नाही. चार-पाच वेळा बटण दाबेपर्यंत कपॅसिटर स्वतःच्याच उष्णतेनं कोमट होतात आणि मशीन उठतं. हे लक्षण दिसलं की मी बोर्ड न बघताही निम्मं निदान करतो. आता तो दुपारीही रीस्टार्ट होतोय म्हणजे कोमट झाल्यावरही पुरत नाहीये. फार दिवस उरलेले नाहीत.

तरी बोर्ड टेबलावर घेण्याआधी एसएमपीएस तपासा. त्याच्या आतही असेच कपॅसिटर असतात, आणि तो वाईट असेल तर नवे बसवलेलेही तो खाऊन टाकेल. मशीन चालू असताना मल्टिमीटरनं पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आले पाहिजेत. मीटर बरोबर दाखवत असलं तरी एसएमपीएस बोर्डाच्याच वयाचा असेल तर मी तो बदलतोच. मल्टिमीटरला व्होल्टेजची थरथर दिसत नाही, सरासरी दिसते. एसएमपीएस स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

बोर्ड हातात आला की मी हत्यार लावण्याआधी फोटो काढतो, प्रत्येक कपॅसिटरची पट्टी कोणत्या बाजूला आहे ते दिसेल असा. डबीवरची पट्टी म्हणजे ऋण बाजू, हे ठरलेलं. पण बोर्डावर छापलेल्या वर्तुळाचा भरलेला अर्धा भाग बहुतेक बोर्डांवर ऋण असतो आणि काहींवर उलटा. छापील खुणेवर भरवसा ठेवून उलटा बसवलेला कपॅसिटर चालू करताच फुटतो.

मग प्रोसेसर काढून मॉस्फेट तपासतो. हे न करता कपॅसिटर बदलायला घेणं म्हणजे पैसे पाण्यात. चार पिनांच्या १२ व्होल्टच्या कनेक्टरवर पिवळी आणि काळी यांच्यात मीटर बीप करायला नको. मग पिवळी पिन आणि प्रोसेसरला व्होल्टेज देणारी प्रत्येक कॉइल यांच्यात मोजायचं, तिथेही शॉर्ट नको. शॉर्ट दाखवला तर वरचा मॉस्फेट गेला आहे, आणि असा बोर्ड चालू केला तर १२ व्होल्ट थेट प्रोसेसरमध्ये जातात. तिथे दुरुस्तीचा हिशोब बदलतो. मॉस्फेट बदलता येतो, पण तोवर प्रोसेसर आणि कधी मॉस्फेट चालवणारा कंट्रोलरही गेलेला असतो. तुमचं मशीन रीस्टार्ट होत का होईना, अजून चालतं, म्हणून मॉस्फेट शाबूत असण्याची आशा मला बरीच आहे.

फुगलेले पाच आहेत म्हणून पाचच बदलायचे नाहीत. त्या रांगेतले, त्याच कंपनीचे, त्याच आकाराचे सगळे बदलायचे. सपाट दिसणाऱ्यांचं वयही तेवढंच असतं. काढलेले मी टेस्टरवर लावून बघतो: चांगल्याचा आतला रोध ओहमच्या दोन-तीन शतांश भागांत येतो, गेलेल्याचा ओहमचा अर्धा भाग किंवा त्याहून जास्त. नुसती मायक्रोफॅरडची क्षमता मोजली तर गेलेला कपॅसिटरसुद्धा पास होऊ शकतो, म्हणून रोध दाखवणारा टेस्टरच हवा. तो स्वस्तात मिळतो.

काढताना बोर्ड बिघडतो तो इथेच. मदरबोर्डात तांब्याचे चार थर असतात आणि ऋण पाय मधल्या मोठ्या थराला जोडलेला असतो. तो थर सगळी उष्णता ओढून घेतो, म्हणून रेडिओवाल्याचं २५ वॅटचं आयर्न तिथे नुसतं चिकटून बसतं. मग माणूस जोर लावतो आणि भोकातलं तांब्याचं अस्तर पायासोबत बाहेर येतं. ते अस्तर वरचा-खालचा-मधला थर जोडत असतं, ते गेलं की वरून बोर्ड ठीक दिसतो पण मधलं कनेक्शन तुटलेलं असतं. साठ वॅटचं आयर्न, रुंद टोक, ३८० ते ४०० अंश, आणि आधी फ्लक्स लावून प्रत्येक पायावर ताजं शिशाचं सोल्डर चढवायचं. २००९ चा बोर्ड बहुधा बिनशिशाच्या सोल्डरचा असतो, ते उशिरा वितळतं. ताजं मिसळलं की लवकर सुटतं. मग एक पाय तापवून डबी किंचित कलवायची, दुसरा पाय तापवून उलट्या बाजूला कलवायची, असं करत ती अलगद येते. ओढायची नाही. भोकं साफ करताना ड्रिल कधीच नको. सोल्डर वितळवून स्टीलची सुई किंवा लाकडी टूथपिक भोकात घालायची आणि थंड झाल्यावर काढायची, एवढं पुरतं.

तुमच्या दोन कपॅसिटरांवर खपली आहे, म्हणजे द्रव खाली उतरला असण्याची शक्यता आहे. डबी काढल्यावर तिच्या बुडाखाली बघायचं. नुसता तपकिरी डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं निघतो. हिरवट-पांढरं काही दिसलं आणि शेजारचा बारीक ट्रॅक काळा पडलेला असेल तर तो भिंगाखाली खरवडून, मीटरनं सलग आहे का ते पाहून, गरज पडली तर बारीक तार जोडावी लागते. दोन-तीन ट्रॅक असतील तर मी जोडतो. मोठा भाग खाल्लेला असेल तर गिऱ्हाईकाला तसं सांगून बोर्ड परत देतो.

कोणते बसवायचे? प्रोसेसरच्या बाजूचे बहुतेक ६.३ व्होल्टचे असतात, १५०० किंवा १८०० मायक्रोफॅरडचे. तिथे मी घन पॉलिमरचे कपॅसिटर लावतो, ८२० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट. क्षमता कमी असली तरी त्यांचा आतला रोध इतका कमी असतो की त्या जागी ते जुन्यांपेक्षा चांगलं काम देतात, आणि आत सुकणारा द्रव नसतो. बाजारात २.५ व्होल्टचे पॉलिमर स्वस्त मिळतात. ते फक्त प्रोसेसरच्या सव्वा व्होल्टच्या बाजूला चालतात. बोर्डावर दुसरीकडे तशाच दिसणाऱ्या डबीखाली ५ व्होल्ट असू शकतात, म्हणून ज्याला नक्की माहीत नाही त्यानं ६.३ व्होल्टचेच घ्यावेत. १२ व्होल्ट येतात त्या बाजूला १६ व्होल्टचे आहेत, तिथे तेवढीच क्षमता, तेवढंच किंवा जास्त व्होल्टेज, कमी रोधाचे आणि १०५ अंशाचे. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातले साधे कपॅसिटर क्षमता आणि व्होल्टेज जुळलं तरी इथे चालत नाहीत, चार-सहा महिन्यांत परत फुगतात. गावातल्या दुरुस्त्या फसतात त्या बहुतेक याच कारणानं, आणि मग लोक म्हणतात की कपॅसिटर बदलून उपयोग होत नाही.

माल नांदेडला मिळाला नाही तर आमच्याकडचे लोक हैदराबादला कोटीतल्या गुजराती गल्लीत जातात, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासोनिक, निप्पॉन केमिकॉन या जपानी नावांचे घ्या, पण सुट्ट्या मालात नक्कलही भरपूर आहे. नावाचा कागद चढवलेला असतो आणि आत छोटा कपॅसिटर. विकत घेतल्यावर प्रत्येक टेस्टरवर लावा. एकाच पाकिटातल्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले नाहीत तर परत करा.

खर्चाचं म्हणाल तर माझ्याकडं असा बोर्ड आला तर आठ-दहा कपॅसिटरांचे तीनशे-चारशे आणि मजुरी सहाशे-सातशे होते. सोबत सीआर २०३२ चा सेल बदलतो. चांगला एसएमपीएस वेगळा. त्या किमतीत दुसरा जुना जी३१ बोर्डही मिळेल, पण त्याचे कपॅसिटरही तितकेच म्हातारे असतात, म्हणजे तेच काम परत करावं लागेल. तरी काट्यासाठी मी तो घ्याच म्हणेन, तुमच्याच मॉडेलचा, वेगळ्या कारणानं. तो आधी घेऊन त्यावर दुरुस्ती करा. जमला तर डिस्क आणि डोंगल त्याला लावून चालवा आणि तुमचा मूळ बोर्ड निवांत दुरुस्त करून बाजूला ठेवा. मॉडेल तेच असलं की एक्सपी बहुधा तक्रार न करता उठतं. दुसऱ्या मॉडेलवर कधी निळा पडदा येतो, कधी परत ॲक्टिव्हेशन मागतं.

मेकॅनिककडून घेताना "चालू झाला" एवढ्यावर पैसे देऊ नका. मेमरी तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवायला सांगा, एकही चूक यायला नको. मग मशीन तीन-चार तास पूर्ण बंद ठेवून गार झाल्यावर एकाच बटणात उठतं का ते तुमच्यासमोर बघा. दुरुस्तीनंतरही गार असताना दोनदा बटण दाबावं लागत असेल तर कुठला तरी कपॅसिटर राहिलाय, किंवा एसएमपीएस दोषी आहे, किंवा भोकातलं अस्तर निघून आलंय. सगळे बदलूनही मशीन तासाभरानं अडकत असेल, आणि पंख्याजवळच्या मोठ्या चिपवर बोटानं दाबल्यावर चालत असेल, तर त्या चिपखालचे सोल्डरचे गोळे सुटलेत. तिथे थांबा. असे गोळे तापवून बसवलेला बोर्ड माझ्या अनुभवात हंगाम काढत नाही, आणि काट्यावर भर हंगामात मशीन बसलं तर ट्रॅक्टरांची रांग लागते.

परत बसवताना केबिनमध्ये दोन गोष्टी करा. कॅबिनेटच्या मागे मोठा पंखा लावा जो प्रोसेसरच्या बाजूची गरम हवा बाहेर काढेल, आणि पुढच्या जाळीवर धुता येईल असा फोमचा तुकडा, म्हणजे तूस आत जाणार नाही. फोम दर आठवड्याला झटकायचा. दुसरं अर्थिंग. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात महिन्यातून दोनदा पाणी घाला आणि फेज ते अर्थ व्होल्टेज मोजून बघा. ते फेज ते न्यूट्रलपेक्षा फार कमी येत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. सीरियल केबलनं इंडिकेटर आणि कॉम्प्युटर जोडलेले असल्यानं एकाचं अर्थिंग खराब असेल तर दुसऱ्याचा पोर्ट जळतो.

काम दसऱ्याच्या आधी उरका. कापूस यायला लागला की तुम्हाला मशीन एक दिवसही सोडवणार नाही. आणि डोंगलच्या पिना आजच एकदा बघून ठेवा. ते काढ-घाल करताना वाकडं झालं तर पुढची सगळी दुरुस्ती वाया जाईल, म्हणून बोर्ड मेकॅनिककडं देताना डोंगल स्वतःच्या खिशात ठेवा.